पावसाच्या सामन्यात नुसते ‘सुधारित लक्ष्य’ छापू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात पावसाने अडवलेल्या एका एकदिवसीय सामन्याचे वृत्त होते. ‘पावसामुळे दहा षटके कमी झाली आणि डकवर्थ-लुईस नियमानुसार सुधारित लक्ष्य देण्यात आले’, एवढेच त्यात लिहिले होते. खेळ थांबला तेव्हा किती षटके झाली होती, किती गडी बाद होते, याचा उल्लेख कुठेही नव्हता. पहिल्या डावाची धावसंख्यासुद्धा बातमीत नव्हती, ती धावफलकात शोधावी लागली. आमच्या इमारतीतल्या दोन-तीन क्रिकेटवेड्या मुलांनी ती बातमी आणून मला विचारले, “काका, हे टार्गेट काढलं कसं?” मी मुंबईच्या मैदानांवर बरीच वर्षे स्कोअरिंग करतो, म्हणून मुले माझ्याकडे आली. पण त्या बातमीवरून उत्तर मला काढता येईना, आणि दुसऱ्या कुणालाही ते काढता आले नसते.

पत्र लिहिण्याचे कारण हेच आहे. ‘दहा षटके गेली, मग लक्ष्य किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. तीच दहा षटके डावात केव्हा गेली आणि तेव्हा किती फलंदाज शिल्लक होते, यावर आकडा ठरतो. या दोन गोष्टी आणि पहिल्या डावाच्या धावा माहीत नसताना सांगितलेले लक्ष्य म्हणजे निव्वळ अंदाज.

एक उदाहरण पुरते मांडतो. पहिल्या संघाने ५० षटकांत २५० धावा केल्या, त्यांच्या डावात पाऊस आला नाही. दुसऱ्या संघाला जिंकायला २५१ हवेत. पुढे पावसाने त्यांची दहा षटके गेली आणि डाव ४० षटकांचा झाला. बहुतेक जण इथे सरासरी काढतात: षटकाला पाच धावा, चाळीस षटकांच्या दोनशे, म्हणून लक्ष्य २०१. हिशेब सोपा आहे, पण न्याय्य नाही. दहा गडी ५० षटके पुरवायचे असतील तर संघ जपून खेळतो. तेच दहा गडी ४० षटकांत खर्च करायचे असतील तर पहिल्यापासून हात मोकळे सोडता येतात.

फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या इंग्लंडच्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी नेमकी हीच गोष्ट मोजली. शिल्लक षटके आणि शिल्लक गडी मिळून संघाकडे धावा काढण्याची किती ताकद उरते, हे त्यांनी टक्क्यांत बसवले. स्कोअरर मंडळी त्याला ‘रिसोर्स’ म्हणतात. पूर्ण ५० षटके आणि दहाही गडी हातात असले की रिसोर्स १०० टक्के. छापील तक्त्यात उभ्या बाजूला शिल्लक षटके असतात आणि आडव्या बाजूला बाद झालेले गडी. दोन्हींची गाठ पडते तिथला आकडा वाचायचा.

आता आपल्या उदाहरणात पाऊस दुसरा डाव सुरू होण्याआधीच पडला असे धरू. ४० षटके आणि सगळे गडी हातात असले की तक्ता ८९.३ टक्के दाखवतो. २५० चे ८९.३ टक्के म्हणजे २२३.२५. अपूर्णांक सोडला की २२३ धावांवर बरोबरी होते, जिंकायला २२४ लागतात.

पण पाऊस वीस षटकांनंतर आला तर? समजा संघाचे दोन गडी बाद झाले आहेत. थांबताना ३० षटके शिल्लक होती, रिसोर्स ६७.३. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा २० षटकेच उरली, रिसोर्स ५२.४. पावसाने नेले ते या दोन्हींतले अंतर, म्हणजे १४.९ टक्के. शंभरातून ते वजा केले की ८५.१ उरतात. २५० चे ८५.१ टक्के २१२.७५, म्हणून लक्ष्य २१३. डाव याही वेळी ४० षटकांचाच आहे, तरी लक्ष्य अकरा धावांनी उतरले. कारण उघड आहे. या संघाने पहिली वीस षटके ५० षटकांच्या बेताने, सबुरीने खेळून काढली आणि षटके कमी झाल्याचे त्याला नंतर कळले.

आता षटके तशीच ठेवून फक्त गडी बदलू. वीस षटकांत पाच गडी गेले असते तर थांबताना ४४.७ आणि पुन्हा सुरुवात होताना ३८.६. पावसाने फक्त ६.१ टक्के नेले, लक्ष्य २३५. सात गडी गेले असते तर २१.८ आणि २१.२, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या थोडे वर नुकसान, आणि लक्ष्य २४९. इथे लोक हमखास अडतात. दहा षटके कापली आणि लक्ष्य दोनच धावांनी कमी, हा अन्याय नव्हे का, असे मला अनेकांनी विचारले आहे. अन्याय नाही. हातातले शेवटचे तीन गडी उरलेली ३० षटके टिकण्याची शक्यताच फार कमी होती. जी षटके त्यांना बहुधा वापरता आली नसती, ती गेली म्हणून भरपाई कसली द्यायची?

आणि चाळीस षटके पूर्ण झाल्यावर पाऊस आला, दोनच गडी बाद आहेत आणि उरलेला खेळ रद्द झाला, तर? शिल्लक दहा षटकांचे ३०.८ टक्के गेले. १७३ धावा झाल्या असतील तर बरोबरी, १७४ असतील तर विजय. म्हणजे ‘४० षटकांच्या’ या एकाच सामन्यात २२४, २१३, २३५, २४९ आणि १७४ असे पाच आकडे निघाले, आणि पाचही बरोबर आहेत. आपल्या बातमीत यांतला कुठला होता, हे वाचकाने कसे ओळखायचे?

आता पहिल्या डावाच्या धावसंख्येविषयी, कारण ती वगळणे सर्वांत घातक. वरचे सगळे टक्के त्याच आकड्यावर लावायचे असतात. शिवाय पाऊस पहिल्याच डावात आला तर हिशेबाची रीतच बदलू शकते. समजा पहिल्या संघाचा डाव ४० षटकांत २ बाद २०० वर तोडावा लागला आणि दुसऱ्या संघालाही ४० षटकेच मिळाली. पहिल्या संघाचे ३०.८ टक्के वाया गेले, त्यांनी वापरले ६९.२. दुसऱ्या संघाला आधीपासून ठाऊक आहे की षटके चाळीसच आहेत, म्हणून त्यांच्याकडे ८९.३. दुसऱ्याचा रिसोर्स जास्त असला की टक्केवारीने गुणत नाहीत. फरक काढतात, तो इथे २०.१ टक्के आहे. त्या फरकाने ५० षटकांच्या सरासरी धावसंख्येला गुणतात. वरच्या पातळीवरच्या सामन्यांसाठी छापील पद्धतीत ही सरासरी २४५ धरतात. त्याच्या ४९ धावा होतात, त्या २०० मध्ये मिळवल्या की बरोबरी २४९ वर, म्हणून लक्ष्य २५०. समोरच्याने २०० केल्या, षटके सारखीच, तरी आपल्याला २५० का, असा ओरडा मैदानावर होतो तो यामुळे. पहिल्या संघाचे आठ गडी न वापरताच राहिले, त्यांची ती किंमत आहे.

मे महिन्यातल्या ऑफिस स्पर्धांत हे मी फार जवळून पाहिले आहे. वळवाची सर येते, पंच बेल्स उचलतात आणि सगळे तंबूकडे धावतात. त्या क्षणी स्कोअररने वहीत चार नोंदी करायच्या असतात: वेळ, कितव्या षटकाचा कितवा चेंडू, धावा आणि बाद गडी. खेळ पुन्हा सुरू होताना पंच किती षटके कापली ते सांगतात, तीही नोंद तिथेच. क्रॉस मैदानावर एकदा स्कोअररने धावा आणि वेळ लिहिली, गडी लिहिले नाहीत. पाऊस पडायला आणि एक अपील मान्य व्हायला एकच गाठ पडली होती. तो फलंदाज बाद धरायचा की नाही, यावर दोन्ही कर्णधार पाऊण तास भांडत होते, कारण त्या एका गड्याने लक्ष्य बदलत होते. शेवटी पंचांनी निर्णय दिल्यावरच आकडा काढता आला. तोवर मला फोन येत होते, “दहा ओव्हर गेल्यात, टार्गेट सांगा ना पटकन!” गडी किती, हे विचारल्यावर पलीकडे शांतता.

एक मर्यादाही सांगतो, म्हणजे कुणी हा तक्ता घेऊन टीव्हीवरचा आकडा खोटा ठरवायला बसणार नाही. वर वापरलेला तक्ता जुन्या, हाताने करायच्या पद्धतीचा आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत आता संगणकावरची आवृत्ती चालते. २०१४ पासून तिची जबाबदारी स्टीव्हन स्टर्न यांच्याकडे आली आणि नावात त्यांचेही नाव जोडले गेले. त्या आवृत्तीत पहिल्या डावाची धावसंख्या फार मोठी असेल तर टक्केच बदलतात. ३५० चा पाठलाग करणारा संघ सुरुवातीपासूनच वेगाने धावा काढतो, म्हणून शेवटच्या षटकांचे वजन तुलनेने कमी होते. त्यामुळे तक्त्याचा आणि टीव्हीचा आकडा थोडा वेगळा येऊ शकतो. आपल्याकडच्या देशांतर्गत स्पर्धांत तर केरळचे अभियंता व्ही. जयदेवन यांची पद्धत वापरली जाते, तिचे तक्ते निराळे. म्हणून कोणती पद्धत लावली, हेही बातमीत यायला हवे.

आणि ‘पार’ व ‘लक्ष्य’ यांची सरमिसळ थांबवावी, ही कळकळीची विनंती. पार म्हणजे बरोबरीचा आकडा, जिंकायला त्याहून एक धाव जास्त लागते. २००३ च्या विश्वचषकात डर्बनला श्रीलंकेविरुद्ध दक्षिण आफ्रिकेची नेमकी हीच गफलत झाली. २२९ हा पार होता. तो गाठला म्हणून मार्क बाउचरने ४५ व्या षटकाचा शेवटचा चेंडू नुसता अडवला, पाऊस आला, सामना बरोबरीत सुटला आणि यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला. संघाच्या हातात कागद असताना हे घडते, मग बातमीत ‘पार २१२’ ला ‘लक्ष्य २१२’ म्हटले की वाचकाचे काय होईल?

जागेची अडचण मला समजते. पण एका वाक्यात सगळे बसते. वरच्याच उदाहरणाची बातमी अशी लिहिता येईल: ‘२५१ धावांचा पाठलाग करताना २० षटकांत २ बाद ९० असताना पाऊस आला, दहा षटके कापली गेली आणि डकवर्थ-लुईस तक्त्यानुसार ४० षटकांत २१३ धावांचे लक्ष्य मिळाले.’ एवढे छापले तर आमच्या इमारतीतली मुले वही-पेन घेऊन तो आकडा स्वतः पडताळून पाहू शकतील.

आपला,
एक वाचक आणि स्कोअरर,
दादर, मुंबई