आजीच्या घशातली घरघर

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी फोन करून मी नुसती रडले आणि काय झालं ते न सांगताच फोन ठेवला. त्यानंतर आईचे अकरा मिस्ड कॉल. बाबा, तुमचा तर मेसेजच आला, ‘बॅग भर, येतो न्यायला.’ येऊ नका. मी कोर्स सोडत नाहीये. आणि दुसरी गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पत्र वाचताना धाकधूक नको. मी दिवाळीला येणार नाही. मॅडमनी लहान मुलांच्या वॉर्डात बदली देऊ केली होती, ती घेतली नाही. ह्याच वॉर्डात राहणार, आणि दिवाळीत इथे माणसं कमी असतात. हट्टानं नाही करत आहे. का करतेय ते खाली लिहिलंय. फोनवर सांगायला गेले तर पुन्हा रडेन आणि तुम्ही लगेच एसटी पकडाल.

सोमवारी रात्री माझ्या वॉर्डात एक आजोबा वारले. मी पहिल्यांदाच कुणाला जाताना जवळून पाहिलं. आपल्या आजीच्या वेळी मला शेजारच्या काकूंकडे पाठवलं होतं, ते धरत नाही.

आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. फुप्फुसाचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टर आणि घरचे दोन दिवस आधी बसून बोलले होते, की आता आयसीयू नको, घशात नळी नको, फक्त त्रास होऊ द्यायचा नाही. तसं फाइलमध्ये लिहून सह्याही झालेल्या होत्या. पलंगाजवळ त्यांची बायको, म्हणजे त्या आजी, आणि मुलगा. मुलगी संभाजीनगरहून निघालेली.

रात्री दीडच्या सुमाराला मी बोटाला चिमटा लावून सॅच्युरेशन बघत होते. आकडाच येईना. हे बोट, ते बोट, कानाची पाळी, सगळं करून झालं. मुलगा माझ्या तोंडाकडे बघतोय आणि मी मशीनकडे. इन्चार्ज सिस्टर आल्या, चिमटा काढून माझ्या खिशात टाकला आणि म्हणाल्या, "बोटं गार पडलीत, रक्तच पोचत नाही तिथे. मशीन काय सांगणार? गुडघे बघ." पांघरूण सारलं. गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली होती, मेंदीचा रंग उतरताना दिसते तशी. लघवीच्या पिशवीत संध्याकाळपासून जेमतेम अर्धा कप, चहासारखी गडद. सिस्टर म्हणाल्या, आता काही तासच.

तेवढ्यात आजींनी विचारलं, "पोरी, बरे होतील ना गं?" आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हो आजी, होईल सगळं ठीक."

बाबा, ह्या एका वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. सिस्टरनी मला बाहेर नेलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता आत जा आणि दुरुस्त कर. नाहीतर त्या झोपायला जातील आणि तेवढ्यात ते जातील." मी आत गेले. पाय लटपटत होते. आजींच्या शेजारी स्टुलावर बसले (उभ्यानं सांगायचं नसतं) आणि म्हटलं, "आजी, मी मघाशी चुकीचं बोलले. ते आता बरे होणार नाहीत. बहुतेक आज रात्रीच जातील. तुम्ही इथेच बसा." त्या रडल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या, पलंगावर पाय वर घेऊन बसल्या आणि आजोबांचा हात मांडीवर घेतला.

मग घरघर सुरू झाली.

बाबा, हे पत्र खरं तर ह्या घरघरीसाठी आहे. आई, इथून पुढचं त्यांना तूच वाचून दाखव, ते मधलं गाळून वाचतात.

घशात पाणी भरून हुक्का ओढावा तसा आवाज होता. मुलगा उठून उभाच राहिला. "बुडाल्यासारखं होतंय त्यांना, काहीतरी करा, मशीन लावून ओढून काढा." मलाही तसंच वाटलं. सिस्टरनी आणि मी आजोबांना कुशीवर वळवलं, पाठीला उशी दिली, डोकं थोडं उंच केलं. आवाज निम्म्यानं कमी झाला. मग त्यांनी मुलाला समजावलं. आपण दिवसभर नकळत लाळ गिळत असतो. शुद्ध इतकी हरपली की गिळणं थांबतं, खोकून बाहेर काढण्याची ताकद राहत नाही, आणि ती लाळ घशात साचते. श्वास त्यातून जातो म्हणून आवाज होतो. ऐकणाऱ्याला तो भयंकर वाटतो, पण एवढ्या खोल गुंगीत त्यांना तो जाणवत नसावा. कपाळाला आठी नाही, हाताची मूठ नाही, तोंड वाकडं नाही. त्रास होत असता तर चेहऱ्यावर दिसला असता. नळी खोल घालून ओढायला गेलं तर उलट टोचेल, आणि थोड्या वेळानं पुन्हा साचेलच. एक इंजेक्शन दिलं, त्यानं नवी लाळ कमी होते, आधी साचलेली जात नाही. म्हणून आवाज पूर्ण थांबला नाही आणि थांबेल असं कुणी सांगितलंही नाही.

मी दुसऱ्या दिवशी सिस्टरना मुद्दाम विचारलं. म्हटलं, समजा घरच्या माणसानं शेवटी चमच्यानं दोन घोट पाणी घातलं आणि त्यानंतर अशी घरघर लागली, तर? त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "गिळता न येणाऱ्याला पाणी घालू नये हे खरं, ठसका लागतो. पण ही घरघर त्या दोन चमच्यांची नसते. ती येणारच असते. पाणी घातलं नसतं तरी आली असती."

बाबा, तुम्ही अजून चमचा हातात घेतला की तोंड फिरवता, ते मला दिसतं. आईलाही दिसतं. आपल्याला कुणी सांगितलं नाही तेव्हा, एवढंच झालं.

आजींनाही गंगाजल द्यायचंच होतं. त्यांच्याकडे छोटा गडू होता, सीलबंद. सिस्टर नको म्हणाल्या नाहीत. मला गॉजचा तुकडा त्यात बुडवून घट्ट पिळायला लावला आणि आजींच्या हातात दिला. त्यांनी आजोबांचे ओठ आणि गालाची आतली बाजू पुसली, तुळशीचं पान ओठांवर ठेवलं, आत नाही. तोंड उघडं राहून जीभ लाकडासारखी कोरडी पडते, म्हणून मी तसंही दर अर्ध्या तासानं ओलं गॉज फिरवतच होते. आजींना वाटलं त्यांनी पाणी पाजलं. त्यांनी पाजलंच की.

सव्वादोनला मुलीचा फोन आला, अजून नगरच्याही अलीकडे पोचली नव्हती. मी फोन आजोबांच्या कानाशी धरला. ऐकू येतं की नाही ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण येतं असं धरूनच वागायचं, असं आम्हाला शिकवतात. ती काय बोलली ते मी ऐकायचं नव्हतं, पण हात माझाच होता. शेतातल्या मोटारीचं काहीतरी सांगत होती. मोटार दुरुस्त झाली म्हणून.

चार वाजल्यापासून श्वासाची चाल बदलली. आधी चार-पाच श्वास मोठे मोठे होत जायचे, मग लहान लहान, मग थांबायचं. मी घड्याळात मोजलं, पंधरा सेकंद, वीस, तीस. दर वेळी मुलाला वाटायचं गेले, आणि पुन्हा श्वास यायचा. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की असं होईल, म्हणून तो निदान धावत सुटला नाही. चार चाळीसला थांबला तो थांबलाच. मी वाट बघत राहिले. एक शेवटचा आला, उचकीसारखा, नुसता जबडा हलला. मग काही नाही.

सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी छातीला स्टेथो लावून बराच वेळ ऐकलं, मानेची नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला, ईसीजीची पट्टी काढली. सरळ रेघ. आणि चार बावन्नला सांगितलं. तिथे एक अडलं. मुलाचे काका आले होते, ते म्हणाले वेळ नक्की कोणती, चाळीस की बावन्न, पंचक बघायचंय. डॉक्टर म्हणाले, कागदावर मी तपासलेली वेळच लागते. शेवटचा श्वास कधीचा ते घरच्यांनी आपलं आपण धरावं. काकांनी दोन्ही वेळा पाकिटावर लिहून घेतल्या.

आजी आतापर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "यांची कवळी कुठंय?"

गुंगीत घशात जाऊ नये म्हणून ती आदल्या दिवशीच काढली होती, ड्रॉवरमध्ये डबीत होती. सिस्टर मला म्हणाल्या, लवकर, एक-दोन तासांनी जबडा आवळायला लागतो, मग बसत नाही. मी धुतली. हात थरथरत होता, पहिल्यांदा उलटीच लावली. सिस्टरनी बसवून दिली, पापण्या मिटून धरल्या, हनुवटीखालून पट्टी बांधली. आजींना म्हटलं, तोंड तुम्ही पुसता का? त्यांनी कोमट पाण्यानं पुसलं, मग केसांना तेल लावलं. तेल आमच्या यादीत नाही, पण सिस्टर काही बोलल्या नाहीत. सहा वीसला मुलगी आली तेव्हा पट्टी थोडा वेळ सैल केली होती. तिनं दारातून पाहिलं आणि म्हणाली, "झोपलेत तसेच दिसतात." गाल बसलेले नव्हते ना.

मी तिथून निघून बाथरूममध्ये गेले आणि तुम्हाला फोन लावला. बास, एवढंच झालं होतं. वॉर्डातल्या मावशींनी नंतर चहा आणून दिला, दोन बिस्किटं बुडवून खाल्ली आणि सात वाजता ड्युटी दिली.

आपल्या देवळीतल्या आजीच्या डबीबद्दल मी काही म्हणत नाही. ती तिथेच असू दे.

आता काळजी नको. हॉस्टेलला गरम पाणी येतं, मेसच्या भाकऱ्या कडक असतात पण भाजी चांगली असते. रात्रपाळी संपली की दोन दिवस सुट्टी मिळते, तेव्हा मी झोपते, खरंच झोपते. नोव्हेंबर संपायच्या आत चार दिवस येईन. चकल्या तेव्हा कर, आई, आधी करून पाठवू नको, पिशवीत चुरा होतो. गुडघ्याला बांधायचा पट्टा रात्री काढून ठेवत जा, मी दहा वेळा सांगितलंय. बाबा, बीपीची गोळी सकाळी एकच, विसरलात म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. मीठ वरून घ्यायचं नाही. लोणचं हे पण मीठच आहे. ग्रामीण रुग्णालयात जाऊन बीपी मोजून घ्या आणि आकडा कागदावर लिहून आणा, ‘नॉर्मल आहे’ असं मला चालणार नाही.

रविवारी रात्री आठला फोन करते. ह्या वेळी बाबांनी उचलायचा.

तुमची,
मनी