शेवटच्या आठवड्यांतील जेवण आणि फाइलमधले एक पान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात घरोघरी जाऊन मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारी परिचारिका म्हणून हे पत्र लिहीत आहे. ‘ताई, पोटात काहीच जात नाही, मग उपाशीच ठेवायचं का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरी विचारला जातो.

वागळे इस्टेटमधील एका आजोबांचा फुप्फुसाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला होता. अशा अवस्थेत शरीराला अन्न नीट वापरता येत नाही आणि भूक मरते. जेवण थांबल्यामुळे आजार बळावत नाही, आजार बळावल्यामुळे जेवण थांबते. तरीही डॉक्टरांनी आधी तोंडातील बुरशी, बद्धकोष्ठता, मळमळ आणि वेदना तपासल्या, कारण यांवर उपचार होऊ शकतो. खाणे घटल्यावर मधुमेहाची औषधे तशीच चालू राहिली तर साखर धोकादायकरीत्या उतरते, म्हणून त्यांनी इन्सुलिनही कमी केले. घरच्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

त्यानंतर आजोबांशी आणि कुटुंबाशी बोलून डॉक्टरांनी फाइलमध्ये एक पान लिहिले. उपचारांचा हेतू आयुष्य लांबवणे नसून त्रास कमी करणे हा आहे. पूर्ण जागे असताना, सरळ बसवून, त्यांनी मागितले तरच एक-दोन चमचे पेज किंवा ताक द्यावे; ठसका लागला, घशात घरघर झाली किंवा त्यांनी तोंड मिटले की थांबावे. नाकातून नळी घालू नये. ओठ आणि जीभ वरचेवर ओल्या बोळ्याने पुसावी, कारण या काळात खरा त्रास तहानेपेक्षा कोरड्या तोंडाचा असतो. खाली तारीख, डॉक्टरांची सही आणि निर्णयात सहभागी असलेल्यांची नावे होती.

या पानाचा उपयोग धाकटा मुलगा नाशिकहून आल्यावर झाला. त्याने सलाइनचा आग्रह धरला, आणि मुलाचा जीव तुटणे स्वाभाविकच होते. परंतु शेवटच्या दिवसांत शिरेतून दिलेले पाणी शरीराबाहेर नीट टाकले जात नाही, त्यामुळे पायांना सूज येते आणि श्वासातील घरघर वाढू शकते, हे डॉक्टरांनी त्याला त्या पानावर बोट ठेवून समजावले. आपल्या वडिलांनीच नळीला नकार दिला होता, हे त्याला तिथे वाचता आले.

मात्र असे पान म्हणजे कायदेशीर वैद्यकीय इच्छापत्र नव्हे. त्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये घालून दिली आणि 2023 मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. ज्यांना शक्य आहे त्यांनी रुग्ण शुद्धीवर असतानाच तेही करावे.

घरी सोडताना रुग्णालये औषधांची यादी देतात, पण खाण्यापिण्याबाबत काय ठरले हे क्वचितच लिहितात. ठाण्यातील रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावरच त्यासाठी जागा ठेवावी आणि त्याची एक प्रत रात्रपाळीच्या मदतनिसाला दिसेल अशी रुग्णाच्या उशाशी लावण्यास सांगावे, ही विनंती.

आपली,
एक परिचारिका, कळवा (ठाणे)