दीड पानाचं भाषण आणि एक हंडा

ताई, सप्रेम नमस्कार.

परवा लघुपटाचं संकलन संपलं. तुम्हाला फोन केला तर तुम्ही ‘बरं झालं’ म्हणून लगेच गुडघ्याच्या दुखण्यावर आलात. आभार राहून गेले, म्हणून हे पत्र. चारचौघांत अशासाठी लिहितोय की एकांकिकेतून पटकथेकडे वळणारे माझ्यासारखे अनेक जण मी केली तीच चूक करतात, आणि ती दाखवायला प्रत्येकाच्या शेजारी एखादी निवृत्त संकलक राहत नाही.

मूळ प्रवेश तुम्हाला पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. गिरगावातली चाळ. मुलगा आईला सांगतो की पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर त्याने सही केली. रंगमंचावर एकच खोली, संध्याकाळ, आई खुर्चीत आणि मुलगा दाराशी. मग आईचं दीड पानाचं भाषण: चाळीस वर्षं पहाटे साडेचारला उठून पाणी कसं भरलं, मोरी किती अंगुळं खचली, नवऱ्याच्या आजारपणात काय काय झालं. स्पर्धेत इथे हमखास टाळी पडायची. त्यामुळे पटकथेत मी भाषणाला हातच लावला नाही. फक्त दर दोन-तीन वाक्यांनी ‘क्लोजअप’ लिहीत गेलो. डोळे, ओठ, सुरकुत्या, भिंतीवरचा फोटो. असे अकरा.

वाचून झाल्यावर तुम्ही विचारलंत, “हे सगळं ती कोणाला सांगतेय? तो तर त्याच घरात वाढलाय.”

मला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे ती शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला सांगत होती. त्याला मोरी दिसत नाही, आईची बोटं दिसत नाहीत, म्हणून ते सगळं शब्दांतून पोचवावं लागतं. तुम्ही पेन्सिल घेऊन भाषणातलं एकेक वाक्य तपासायला बसवलंत. मुलाला आधीच माहीत असलेलं वाक्य उडवायचं. कॅमेऱ्याला दिसेल त्याच्याखाली रेघ मारायची. मुलाला लागावं म्हणून बोललेलं तेवढं ठेवायचं. सव्वीस वाक्यांतली पाच उरली, आणि रेघा मारलेल्या जवळजवळ सगळ्या वाक्यांत पाणी होतं. “मग नळ कुठाय?” तुमचा दुसरा प्रश्न. नाटकात नळ दाखवता येत नव्हता म्हणून प्रसंग संध्याकाळी खुर्चीत बसला होता. पडद्यावर तो पहाटे मोरीत नेण्यापासून कोणीच अडवत नव्हतं.

तिसऱ्या खर्ड्यात तो असा झाला:

आतील. मोरी. पहाट.
नळाखाली पितळी हंडा, निम्मा भरलेला.
आई भिंतीला टेकून. डोळे मिटलेले.
मुलगा दारात.
मुलगा: सही केली मी. काल.
आईचे डोळे मिटलेलेच. पाण्याचा आवाज चढत जातो.
तिचा हात न बघता तोटीवर जातो. नळ बंद.
पाणी बरोबर काठाशी. थेंबही बाहेर नाही.
आई: पिंप कुठे ठेवायचं तिकडे?
मुलगा हंडा उचलतो.
मुलगा: तिकडे चोवीस तास पाणी असतं, आई.
आई: मग पहाटे उठायचं कशाला?

यात ‘क्लोजअप’ हा शब्द कुठेही नाही, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. एका ओळीत एकच दिसणारी गोष्ट लिहिली की वाचणारा आपोआप जवळ जातो. ‘तिचा हात तोटीवर जातो’ हे लांबून घेता येणारच नाही, आणि नेमकं किती जवळ जायचं हे ठरवणं छायालेखकाचं काम. शिवाय अकरा क्लोजअप म्हणजे अकरा वेळा ओरडणं. बाराव्याला कोण दचकणार? तुम्ही तेव्हा सिडनी ल्युमेटच्या ‘१२ अँग्री मेन’ (१९५७) या जवळजवळ एकाच खोलीत घडणाऱ्या चित्रपटाचा दाखला दिला होतात. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, मध्ये त्या पातळीवर आणि शेवटी खाली, आणि भिंगं हळूहळू लांब पल्ल्याची होत जातात, त्यामुळे तीच खोली आवळत आल्यासारखी वाटते. जवळ येणं हे असं राखून ठेवायचं असतं.

दुसऱ्या खर्ड्यात मी हंडा भरून वाहवला होता. आईचं भान हरपलं हे दाखवायला! तुम्ही समासात फक्त ‘नाटकी’ लिहिलंत आणि मी दोन दिवस फुगून बसलो. पण चाळीस वर्षं भरणाऱ्या बाईला हंडा भरत आल्याचं कानाला कळतं. वर हवा कमी उरते तसा आवाज बारीक होत जातो. ती धक्क्यातही बरोबर काठाशी नळ बंद करते, यातच भाषणातली चाळीस वर्षं आली.

आपलं खरं भांडण शेवटच्या वाक्यावर झालं. ‘मग पहाटे उठायचं कशाला?’ म्हणताना मला आईचा चेहरा हवा होता, तुम्हाला मुलाचा. नाटकात हा मुलगा चार मिनिटं खांबासारखा उभा असायचा, त्याला काही कामच नव्हतं. तुम्ही त्याला हंडा उचलायला लावलात. आता ते वाक्य येतं तेव्हा त्याच्या हातात भरलेला हंडा आहे, खाली ठेवता येत नाही आणि पुढे जाता येत नाही. आईचा फक्त आवाज येतो. मी हट्टाने दोन्ही चेहरे चित्रित करून घेतले. संकलनात तिचा चेहरा लावून पाहिला तर वाक्य दोनदा ऐकल्यासारखं झालं. काढला.

आवाजाबद्दलची तुमची चिठ्ठी मात्र मी वाचून विसरलो, त्याचा दंड भरला. पहिले टेक खऱ्या वाहत्या नळावर घेतले. प्रत्येक शॉटमध्ये पाण्याची पातळी वेगळी, म्हणून सूर वेगळा. जोडताना ‘सही केली मी’ या वाक्याच्या मधोमध पाणी एकदम खालच्या सुरात उडी मारायचं. मग नळ बंद ठेवून ते वाक्य पुन्हा घेतलं, नटाला पाण्यावरून बोलल्यासारखा आवाज चढवायला सांगून. त्याच हंड्याचं पूर्ण भरणं वेगळं, सलग ध्वनिमुद्रित केलं आणि त्याखाली घातलं. हंडा भरायला ७० सेकंद लागले, त्यातला शेवटचा निम्मा भाग वापरला, म्हणजे नळ बंद होईपर्यंतच्या प्रसंगाची लांबी हंड्यानेच ठरवली. महत्त्वाचे संवाद तुम्ही नळ बंद झाल्यानंतर का ठेवलेत, ते मला त्या दिवशी समजलं.

आणखी एक. चौथ्या खर्ड्यात मला कापायचा ज्वर चढला आणि मी आईला जवळजवळ मुकी करून टाकली. तेव्हा तुम्हीच भाषणातलं एक वाक्य परत आणलंत, ‘तुझे बाबा गेले त्या दिवशीही भरलं होतं.’ मी म्हटलं, फोटो दाखवू ना. तुम्ही म्हणालात, फोटोत माणूस दिसेल, तो दिवस नाही दिसणार. आता प्रसंगाच्या अगदी शेवटी, मुलगा मोरीबाहेर गेल्यावर, ती ते स्वतःशी म्हणते. प्रेक्षागृहात ऐकू गेलं नसतं इतक्या हळू.

हंडा चिंच लावून घासून ठेवलाय. काठाला एक पोचा आला आहे, तो आमच्याकडूनच आला असावा. रविवारी घेऊन येतो.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा नाटकवाला