‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’: नुसत्या अर्थावर भागत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत गोंधळात पाडणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या येतात. त्यात ‘अफेक्ट’पुढे ‘परिणाम करणे’ आणि ‘इफेक्ट’पुढे ‘परिणाम’ एवढंच छापलं होतं. त्यात चूक नाही, पण तेवढ्यावर वाक्य लिहायला बसलेलं मूल अडतंच. उच्चारही जवळजवळ सारखा, त्यामुळे कानाचीही मदत होत नाही.

अशा वेळी मी मुलांना शब्दाचे शेजारी बघायला सांगते. ‘आवाजाचा झोपेवर परिणाम होतो’ हे वाक्य घ्या. इंग्रजीत ते दोन तऱ्हांनी येतं: ‘नॉइज अफेक्ट्स स्लीप’ किंवा ‘नॉइज हॅज ॲन इफेक्ट ऑन स्लीप’. पहिल्यात शब्द क्रियापद आहे, तो काळाप्रमाणे बदलतो आणि झोप थेट त्याचं कर्म होते. दुसऱ्यात तो नाम आहे. त्याच्याआधी ‘ॲन’, ‘द’ किंवा ‘नो’ बसतं आणि मागून ‘ऑन’ येतं.

आपल्या मुलांची खरी चूक या ‘ऑन’पाशी होते. मराठीत ‘झोपेवर’ असं म्हणायची सवय असल्यामुळे ती ‘अफेक्ट्स ऑन स्लीप’ लिहून मोकळी होतात. शब्द बरोबर निवडलेला असतो, तरी वाक्य चुकतं. नुसता अर्थ पाठ केल्याने ही चूक सुटत नाही, कारण ती आपल्या ‘वर’मधून आलेली असते.

ही खूण बहुतेक ठिकाणी पुरते, पण एका जागी ती कामाची नाही. ‘इफेक्ट’ क्रियापद म्हणूनही येतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘घडवून आणणे’. ‘टू इफेक्ट अ चेंज’ म्हणजे नसलेला बदल घडवून आणणे. ‘टू अफेक्ट अ चेंज’ म्हटलं तर बदल आधीच चालू आहे आणि कुणीतरी त्याच्या वेगावर किंवा दिशेवर परिणाम करतंय. दोन्हीकडे क्रियापदच, दोन्हीकडे कर्मही तेच. इथे वाक्यात ‘घडवून आणणे’ घालून बघावं. ते चपखल बसलं तर ‘इफेक्ट’ घ्यावा. (मानसशास्त्रात ‘अफेक्ट’ हे नामही आहे. चेहऱ्यावर, आवाजात दिसणारा भाव असा त्याचा अर्थ, आणि त्यात जोर पहिल्या अक्षरावर पडतो. शाळकरी मुलांना त्याची गरज सहसा पडत नाही.)

माझी विनंती एवढीच, की अशी जोडी छापताना प्रत्येक शब्दापुढे तो नाम आहे की क्रियापद हे लिहावं आणि एकेक पूर्ण वाक्य द्यावं. जागा कमी असेल तर जोड्या निम्म्या केल्या तरी चालतील, वाक्यं मात्र गाळू नयेत.

आपली नम्र,
इंग्रजी शिकवणारी एक वाचक