सातवा दिवस छापला, आठवा कुठे गेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘वीर्य राखा, ताकद वाढवा’ छापाच्या आव्हानांवर मजकूर आला होता. 30 दिवस, 90 दिवस, कोणाची ‘स्ट्रीक’ किती लांब, वगैरे. त्यात एक वाक्य ठळक अक्षरांत होतं: सात दिवस संयम पाळला की टेस्टोस्टेरॉन 45 टक्के वाढतं, असं संशोधनाने सिद्ध झालं आहे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून माझी नोकरी झाली, हार्मोनच्या नळ्या लावण्यात बरीच वर्षं गेली. म्हणून हे पत्र.

हा 45 चा आकडा हवेतून आलेला नाही. चीनमधल्या संशोधकांनी 28 पुरुषांचं रक्त वीर्यस्खलनानंतर रोज तपासलं आणि 2003 मध्ये निष्कर्ष छापले. दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत टेस्टोस्टेरॉन जवळपास जागचं हललं नाही. सातव्या दिवशी ते मूळ पातळीच्या 145.7 टक्क्यांवर गेलं. आव्हानवाले इथेच थांबतात. त्याच निबंधात पुढे लिहिलं आहे की या शिखरानंतर संयम चालू ठेवला तरी ठरावीक असा चढउतार दिसला नाही. म्हणजे आलेखावर एक सुळका आहे, जिना नाही. सात दिवसांत 45 टक्के, तर 90 दिवसांत किती, हा त्रैराशिकाचा हिशेब तिथे लागूच पडत नाही.

त्याहून गंमत अशी की, संशोधकांच्याच म्हणण्यानुसार सातव्या दिवसाचा हा सुळका यायला आधी स्खलन व्हावं लागतं. ते झालंच नाही तर हे चक्र सुरूच होत नाही. वीर्य राखणाऱ्यांनी आपला सगळ्यात लाडका पुरावा म्हणून हाच निबंध निवडावा, याला काय म्हणावं! शिवाय तेच काम लेखकांनी आधी चिनी भाषेत छापलेलं होतं, म्हणून नियतकालिकाने हा निबंध पुढे मागे घेतला. दुबार छपाईमुळे आकडे आपोआप खोटे ठरत नाहीत, हे मान्य. पण ‘सिद्ध झालं आहे’ म्हणताना ही गोष्ट वाचकाला कळायला हवी होती.

दुसरा पुरावा 2001 चा. जर्मनीत 10 निरोगी पुरुषांची तीन आठवड्यांच्या संयमाआधी आणि नंतर तपासणी झाली. शिरेत नळी ठेवून उत्तेजना आणि हस्तमैथुनाच्या काळात सलग रक्त घेतलं गेलं. संयमानंतर टेस्टोस्टेरॉन काहीसं जास्त दिसलं, हे खरं. पण स्खलनाच्या क्षणी ते उतरलं का? नाही, संयमाआधीही नाही आणि नंतरही नाही. त्या वेळी वाढलं ते प्रोलॅक्टिन हे दुसरंच हार्मोन. ‘एकदा स्खलन झालं की हार्मोन वाहून गेलं’ ही कल्पना इथेच निकालात निघते.

ती मुळातच निघायला हवी, कारण टेस्टोस्टेरॉन वीर्यात साठवलेलं नसतं. वृषणातल्या पेशी ते तयार करून थेट रक्तात सोडतात. किती सोडायचं हे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ठरवते आणि रक्तातली पातळी चढली की ती आपला इशारा कमी करते. खोलीतल्या एसीसारखं आहे हे. खिडकी बंद ठेवली म्हणून खोली दिवसेंदिवस गार होत जात नाही.

आता एक केस सांगतो. ओळखीतला 24 वर्षांचा मुलगा तीन रिपोर्ट घेऊन आला होता. पहिला आव्हान सुरू करण्याआधीचा: 430 नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर. दुसरा आठव्या दिवशीचा: 570. तिसरा एकतिसाव्या दिवसाचा: 515. “काका, तेहतीस टक्के वाढलं होतं, मग पडलं. दोन दिवस आधी स्वप्नदोष झाला होता, त्यानेच घात केला,” असं त्याचं म्हणणं. चेहरा असा, की परीक्षेत नापास झालाय.

मी आकड्यांकडे नाही, रिपोर्टच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे पाहिलं. पहिला नमुना दुपारी साडेचारचा, पोटभर जेवणानंतरचा. दुसरा पावणेआठचा, उपाशीपोटी. तरुण माणसाचं टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दुपारपर्यंत पाचव्या-चौथ्या हिश्शाने सहज खाली येतं. भरल्या पोटी आणखी थोडं घसरतं. त्याची सगळी ‘वाढ’ घड्याळ आणि जेवण यांतून निघू शकत होती. 570 आणि 515 हे दोन्ही सकाळचे, त्यांत फरक दहा टक्क्यांच्या आसपास. एवढा फरक त्याच माणसाच्या दोन सकाळींमध्ये काहीही न करता पडतो. म्हणूनच डॉक्टर कमी टेस्टोस्टेरॉनचं निदान एका रिपोर्टवर करत नाहीत, वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी दोनदा तपासतात. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील, तर काही यंत्रांवर आकडा खोटा फुगतो, हेही विचारून घ्यावं लागतं. हा घेत नव्हता.

मग विचारलं, झोप किती? आव्हानाच्या ग्रुपवर रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी सातला उठणं. 2011 मध्ये 10 तरुणांना एक आठवडा रात्री पाचच तास झोपू दिलं, तेव्हा त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं होतं. म्हणजे ज्याच्या नावाने जागरण चाललं होतं, तेच जागरणाने कमी होत असणार.

या मुलांना जाणवणारा फरक खोटा आहे असं मी म्हणत नाही. पॉर्नमध्ये रोजचे दोन तास जात असतील आणि ते थांबले, तर माणसाला हलकं वाटेल, अभ्यास होईल. काही आठवडे संयम ठेवल्याने निरोगी माणसाला अपायही होत नाही. पण त्याचं श्रेय हार्मोनला दिलं की स्वप्नदोषासारखी नैसर्गिक गोष्टही ‘घात’ वाटू लागते. मूल हवं असणाऱ्यांनी तर फार काळ साठवूच नये. शुक्राणूंची संख्या वाढते, पण जुन्या झालेल्यांची हालचाल मंदावते आणि त्यांच्यातल्या डीएनएची मोडतोड वाढते. वीर्यतपासणीसाठी दोन ते सात दिवसांचाच संयम सांगतात.

त्या मुलाची स्ट्रीक पुढे तुटली. दोन दिवसांनी मी त्याला रात्री नीट झोपून, उपाशीपोटी आठ वाजता रक्त द्यायला लावलं. आकडा आला 545. एका माणसाच्या एका रिपोर्टवरून मीही काही सिद्ध करू शकत नाही, हे त्याला तिथल्या तिथे सांगितलं. तो बराच वेळ चारही कागद पुढेमागे लावत बसला.

“मग काका, आठव्या दिवसाचे ते 570?”

“सकाळचे होते, बाळा.”

आपला,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ