कॅम्प शूजचे वजन आणि निखळलेला पट्टा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : फोमच्या कॅम्प शूजबद्दल तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मी सप्टेंबरात तुमच्या संकेतस्थळावरून फोमचे कॅम्प शूज १,४९९ रुपयांना घेतले. ऑक्टोबरात आम्ही चौघे नाशिकहून रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगडाला गेलो. पाठीवरच्या सॅकमध्ये तंबू आणि शिधा असल्यामुळे प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवूनच भरली होती. तिथेच पहिली शंका आली.

जाहिरातीत ‘वजन १९० ग्रॅम’ असे आहे. घरच्या काट्यावर माझा एकेक बूट १९५ भरला, म्हणजे जोडी ३९०. तुम्ही एका पायाचे वजन छापले आहे! एका पायाने कोण चालतो?

तरीही नेले. ओढा ओलांडताना ट्रेकिंगचे बूट कोरडे राहावेत, एवढ्याचसाठी तर ही दुसरी जोडी असते. कुमशेतच्या अलीकडे पिंडरीभर पाण्यात उतरले. सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला, काठी टेकवलेली, तोंड प्रवाहाकडे. तिसऱ्या पावलाला उजव्या टाचेमागच्या पट्ट्याची प्लास्टिकची गुंडी सुटली आणि बूट तरंगत निघून गेला. खाली उभ्या असलेल्या मैत्रिणीने तो पकडला. मी उरलेले अंतर शेवाळलेल्या दगडांवरून अनवाणी काढले. तोल गेला असता तर सॅकसकट आडवी झाले असते.

संध्याकाळी तंबूशी ट्रेकिंगचे बूट काढून पायांना वारा द्यावा, तर घालायला हेच ओले. कोरडे मोजे घातले, पाच मिनिटांत तेही भिजले. फोम पाणी पीत नाही हे मान्य, पण तुम्ही आत जाड कापडी अस्तर चिकटवले आहे, ते निघतही नाही. पाचनईच्या विश्रांतीच्या दिवशीही ओलसरपणा गेला नव्हता आणि टाचेची कातडी पांढरी पडली होती.

घरी येऊन खात्री केली. दहा मिनिटे बादलीत बुडवून, झटकून जोडी मोजली : ५६० ग्रॅम. रात्रभर बाल्कनीत टांगल्यावर ५००. म्हणजे १९० समजून घेतलेल्या वस्तूपायी पावशेराहून जास्त ओझे सकाळी पुन्हा पाठीवर.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, ‘उन्हात वाळवायचे होते.’ तुमच्याच पत्रकात कडक उन्हात ठेवू नका, फोम आक्रसतो, असे लिहिले आहे. दोन्ही कसे पाळायचे ते कळवा.

पावती, तुटलेल्या गुंडीचे व काट्यावरचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी आणि जाहिरातीत मापासह जोडीचे वजन लिहावे. उत्तर न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. बूट परत न्यायला माणूस पाठवा, कुरियरचा खर्च मी करणार नाही.

आपली,
एक ग्राहक
गंगापूर रोड, नाशिक