मित्रास पत्र: परीक्षेच्या दिवसांतही टिकेल असे काम

दांडिया बाजार, वडोदरा
दि. १२ ऑगस्ट

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. इंदूरच्या त्या मिठाईवाल्यांनी दुकानाचे इन्स्टाग्राम पान सांभाळण्यासाठी महिना सहा हजार देऊ केले आहेत आणि कामाला आठवड्याचे दहाच तास लागतील, असे तू लिहिले आहेस. तासांचा हिशेब मला मान्य आहे. हरकत आहे ती त्यांच्या वाटणीला. रोज एक पोस्ट आणि आलेल्या निरोपांना उत्तरे, म्हणजे ते दहा तास सातही दिवसांत विखुरलेले असणार, आणि गिऱ्हाईक पेढ्यांचा भाव नेमका रात्री नऊला, तू पुस्तक उघडून बसलास की विचारणार. शिवाय दुकानाची खरी धावपळ दिवाळीत असते आणि तुझे पेपर १ डिसेंबरपासून आहेत. ज्या आठवड्यांत तुला हात आखडता घ्यायचा आहे, त्याच आठवड्यांत मालक दुप्पट काम मागतील.

म्हणून काम निवडताना, मोबदल्याच्याही आधी, ते कोणाच्या पंचांगाने चालते हे पाहावे. शाळकरी मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या प्रतिष्ठेच्या असतात, पण पालकांची घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये वाढते आणि तेव्हा आपलेही सत्र अंगावर येत असते. मी मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून देण्याचे काम धरले आहे, कारण ते फाइलगणिक मोजले जाते. एक फाइल दिली की व्यवहार पुरा होतो आणि पुढची न घेण्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही भाषा कानावरून गेलेल्या असल्याने आपल्याकडच्या मुलांना ते जमतेही.

आता आठवड्याचा हिशेब. एकूण १६८ तासांतून झोपेचे ५६, वर्गांचे २४, जाण्यायेण्याचे ६, स्वतःच्या अभ्यासाचे २८ आणि जेवणखाण व घरकामाचे २८ वजा केले, तर २६ उरतात. हे सगळे विकायला काढू नकोस, कारण त्यांतले पुष्कळसे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे असतात आणि कान देऊन ऐकण्याच्या कामाला सलग दीड-दोन तासांची बैठक लागते. मी दहाच तास धरतो, त्यांतले दोन दुरुस्त्या आणि पत्रव्यवहारासाठी राखतो, म्हणजे टंकनाला आठ उरतात. आवाज स्वच्छ असेल तर एक तासाचे ध्वनिमुद्रण उतरवायला साधारण चार तास लागतात; तेव्हा आठवड्याला दोन तासांच्या ध्वनिमुद्रणापेक्षा अधिक कबूल करायचे नाही.

फाइल अवघड निघाली तर हा हिशेब कोसळतो. डोक्यावर पंखा घरघरत असेल किंवा दोघे एकदमच बोलत असतील, तर एका तासाला सहा तास सहज जातात आणि तेच आठ तास ८० मिनिटांच्या ध्वनिमुद्रणाला जेमतेम पुरतात. यासाठी काम स्वीकारण्यापूर्वी मधली पाच मिनिटे मागून घ्यावीत आणि घड्याळ लावून उतरवावीत. सुरुवातीची नकोत, कारण तिथे नावगाव सांगताना सगळेच स्पष्ट बोलतात. वीस मिनिटांत झाले तर नेहमीचा दर सांगावा. अर्धा तास लागला तर दर वाढवावा किंवा सरळ नाही म्हणावे.

परीक्षेचे गणित उलट्या बाजूने मांडावे. तुझा पहिला पेपर १ डिसेंबरला, तर ३ नोव्हेंबरनंतर नवे काम घ्यायचे नाही आणि शेवटची फाइल १० नोव्हेंबरला हातावेगळी करायची. ऑनलाइन सुटी कामे मिळवून देणाऱ्या अपवर्क या संकेतस्थळावर टप्प्याच्या ठरीव रकमेचे काम सोपवल्यावर ग्राहकाला तपासायला १४ दिवस असतात. तो गप्प राहिला तर रक्कम आपोआप सुटते आणि आणखी पाच दिवस रोखली जाते. म्हणजे ती २९ तारखेला मोकळी होईल आणि मधल्या काळातल्या दुरुस्त्याही पेपरांपूर्वीच उरकतील. तशाच फायवर या संकेतस्थळावर स्वतःला अनुपलब्ध दाखवण्याची सोय आहे, परंतु तिने फक्त नवी मागणी थांबते, हातात घेतलेले काम वेळेवर द्यावेच लागते. तेव्हा ते बटण हात रिकामे होण्याच्या सुमारास दाबण्यापेक्षा आधीच दाबलेले बरे.

आमच्याकडे याच्या आधी नवरात्र येते. त्या नऊ रात्री गरब्याच्या आवाजात इअरफोन लावूनही दुसऱ्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही, आणि खरे सांगायचे तर घरात बसवतही नाही. त्यामुळे त्या आठवड्यात मी कामाचे तास शून्यच लिहितो आणि ग्राहकाला दोन आठवडे आधी तसे कळवतो. तुझ्याकडे गणपतीचे दहा दिवस तसेच जात असतील, तर तेही आत्ताच वजा कर.

मिठाईवाल्यांना एकदम नकार देऊ नकोस. दिवाळीच्या वीस पोस्ट ऑक्टोबरमध्येच एकगठ्ठा तयार करून देतो, निरोपांची उत्तरे दुकानातले कोणीतरी देईल, असे विचारून पाहा. मान्य झाले तर ते कामही फाइलसारखेच सुटे होते. त्यांचे उत्तर आले की कळव, म्हणजे दर किती सांगावा ते आपण ठरवू.

काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अनिरुद्ध